तिसऱ्या तोट्यानंतरचा सौदा

फुलंब्रीत आयकराची विवरणपत्रे भरून देण्याचे काम करताना गेल्या काही वर्षांत एक नवा कागद टेबलावर यायला लागला आहे. पूर्वी सातबारा, खताच्या पावत्या, फार तर दुकानाची विक्रीवही एवढेच यायचे. आता त्यांच्या सोबतीला ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट असते. फ्यूचर्स-ऑप्शन्सचे उत्पन्न, म्हणजे बहुतेक वेळा तोटा, व्यवसायाच्या सदरात दाखवावा लागतो, म्हणून ती नोट ओळीओळीने वाचावी लागते. वाचणाऱ्याला सगळ्यात आधी बेरीज हवी असते, पण मला त्यातले दोन रकाने बेरजेपेक्षा जास्त सांगणारे वाटतात: सौद्याची वेळ आणि नग. निफ्टीच्या ऑप्शनचा एक लॉट सध्या ६५ नगांचा आहे. वाईट दिवसाच्या नोटेवर नगांचा रकाना साधारण असा उतरतो: ६५, ६५, ६५, मग १३०, मग २६०. आणि वेळेचा रकाना त्याच्या उलट आकसत जातो. पहिल्या दोन सौद्यांत पाऊण तासाचे अंतर असते, शेवटच्या दोनांत तीन मिनिटांचे. सौदा कशामुळे घेतला हे त्या कागदावर कुठेच लिहिलेले नसते. तरीही तिसऱ्या ओळीनंतर सौदा घेण्याचे कारण बदलले आहे, हे ते दोन रकाने शेजारीशेजारी वाचले की कळते. पहिले तीन सौदे बाजाराकडे बघून घेतलेले असतात, पुढचे दोन स्वतःच्या तोट्याच्या आकड्याकडे बघून.

दिवसाच्या तोट्याला आधीच मर्यादा घालावी आणि ती गाठली की त्या दिवसापुरता व्यवहार बंद करावा, हा नियम बाजारात जुना आहे. मोठ्या ब्रोकिंग फर्ममध्ये फर्मच्या पैशावर सौदे करणाऱ्या डीलरला तो पाळायचा की नाही हे ठरवायला मिळतच नाही. जोखीम बघणारा माणूस वेगळा असतो, आणि आकडा ओलांडला की तो टर्मिनल बंद करतो. घरी मोबाइलवर सौदे करणाऱ्याला मात्र हा नियम भित्र्या माणसाचा वाटतो, किंवा मग संयम, शिस्त वगैरे सद्गुणांच्या यादीत टाकून विसरला जातो. मला तो सद्गुणाचा प्रश्न वाटत नाही. पुढच्या सौद्याचा आकार कोणी ठरवायचा, एवढाच तो प्रश्न आहे: सकाळी सव्वानऊच्या आधी शांतपणे बसलेल्या माणसाने, की तीन फटके खाल्लेल्या माणसाने? दोघांचे नाव आणि पॅन नंबर एकच असले तरी दोघांचे हिशेब वेगळे चालतात, आणि याला पुरावा आहे.

तो पुरावा शिकागोचा आहे. जोशुआ कोव्हल आणि टायलर शमवे या दोन अभ्यासकांनी शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये सरकारी रोख्यांच्या फ्यूचर्सचे सौदे करणाऱ्या ट्रेडरांच्या १९९८च्या नोंदी तपासल्या आणि २००५ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता. सकाळी तोटा झालेला ट्रेडर दुपारी काय करतो? उत्तर असे आले की सकाळी नफ्यात असलेल्यांपेक्षा सकाळी तोट्यात असलेल्या ट्रेडरांनी दुपारी नेहमीपेक्षा जास्त जोखीम घेण्याची शक्यता स्पष्टपणे अधिक असते. ही माणसे हौशी नव्हती, रोज त्याच धंद्यात बसणारी होती. त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हे तोट्यातले ट्रेडर दुपारी चढ्या भावाने घेत होते, पडत्या भावाने विकत होते, आणि त्यांच्या खरेदी-विक्रीने हललेला भाव थोड्याच वेळात पुन्हा जागेवर येत होता. म्हणजे त्या सौद्यांमागे काही माहिती नाही, फक्त घाई आहे, हे समोरच्या बाजाराला ओळखू येत होते. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये याचे मूळ मांडले होते. नफ्यात असताना माणूस खात्रीचे थोडे पसंत करतो, आणि तोट्यात असताना खात्रीचा तोटा टाळण्यासाठी मोठा जुगार स्वीकारतो. चार हजारांचा तोटा मान्य करून उठणे हा खात्रीचा तोटा. तो टाळायचा तर एकच दार उघडे दिसते, आणखी एक सौदा.

आपल्याकडचे आकडे सेबीने स्वतः प्रसिद्ध केले आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात राहिले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. २०२४-२५ मध्ये तोट्यातल्यांचे प्रमाण ९१ टक्के होते. तीन वर्षांच्या त्या अभ्यासात असेही दिसले की हे ट्रेडर मोठ्या संख्येने देशातल्या पहिल्या ३० शहरांच्या बाहेरचे आहेत. फुलंब्रीत कॉन्ट्रॅक्ट नोटा कुठून आल्या याचे उत्तर त्यात आहे. पण या विषयाशी सगळ्यात जवळचा आकडा इंट्राडे शेअर व्यवहारांच्या सेबीच्या जुलै २०२४ च्या अभ्यासात आहे. २०२२-२३ मध्ये दर १० पैकी ७ जण तोट्यात होते, आणि ज्यांनी वर्षभरात ५०० पेक्षा जास्त सौदे केले त्यांच्यात हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले. शिवाय तोट्यातली माणसे नफ्यातल्यांपेक्षा सरासरीने जास्त सौदे करत होती. जास्त सौदे केल्याने तोटा झाला, की तोटा झाल्याने जास्त सौदे झाले, हे या आकड्यावरून सुटत नाही. मला वाटते दोन्ही बाजूंनी खरे असावे, आणि दैनंदिन मर्यादा नेमकी त्या दुसऱ्या बाजूवर घाव घालते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. ते कल्पित आहे, पण त्याची चाल ओळखीची आहे. समजा खात्यात दोन लाख रुपये आहेत. निफ्टीचा एक कॉल १२० रुपयांना एक लॉट घेतला, स्टॉपलॉस १५ रुपये खाली, १०५ ला. स्टॉपलॉस लागला तर ६५ गुणिले १५, म्हणजे ९७५ रुपये गेले. दोन्ही बाजूंची दलाली, एसटीटी, एक्स्चेंजचे शुल्क आणि जीएसटी धरून सवलतीच्या ब्रोकरकडेही साठ-पासष्ट रुपये वर जातात. असे लागोपाठ तीन सौदे चुकले की तोटा ३,११५ रुपयांच्या आसपास येतो. मर्यादा ३,००० ठेवली असेल तर इथे दिवस संपला. मर्यादा नसेल तर चौथा सौदा दोन लॉटचा होतो, कारण एका लॉटने आता भरून निघणार नाही. स्टॉपलॉसही १५ ऐवजी २५ होतो, कारण ‘मघाशी स्टॉपलॉस खाऊनच बाजार वर गेला’ हे मनात ताजे असते. तोही चुकला तर १३० गुणिले २५, म्हणजे ३,२५० आणि खर्च, एकूण ६,४४५ रुपये. पाचव्या सौद्याला चार लॉट. तोही चुकला तर आणखी ६,५०० आणि खर्च, एकूण १३,०६० रुपये. पहिल्या तीन सौद्यांनी मिळून जेवढे घेतले त्याच्या तिपटीहून अधिक शेवटच्या दोनांनी घेतले.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण नियमाची वकिली करणारे बहुतेक जण ती गाळतात. वाढवलेला सौदा बहुतेक दिवशी जिंकतो. समजा चौथा आणि पाचवा सौदा निव्वळ नाणेफेकीसारखे आहेत, २५ रुपये वर किंवा २५ रुपये खाली, शक्यता निम्मी-निम्मी. चौथा जिंकला तर दिवस जवळजवळ शून्यावर येतो. तो हरला आणि पाचवा जिंकला, तरी शून्याच्या जवळच. म्हणजे असे चार दिवस आले तर तीन दिवस माणूस ‘कव्हर झाले’ म्हणत उठतो आणि एक दिवस तेरा हजार घालवून. सरासरी काढली तर असा दिवस साधारण ३,२५० रुपयांच्या तोट्याचा पडतो. तिसऱ्या सौद्यानंतर थांबलेल्याचा तोटा ३,११५. फरक फक्त खर्चाचा. मग नियमाने वाचवले काय?

वाचवले ते दोन ठिकाणी, आणि दोन्ही सरासरीच्या आकड्यात दिसत नाहीत. पहिले, नाणेफेकीचे गृहीतकच उदार आहे. तीन मिनिटांत, चार्ट न बघता, तोट्याच्या आकड्याला उत्तर म्हणून घेतलेला सौदा निम्म्या शक्यतेचा नसतो. शिकागोच्या ट्रेडरांनी चढ्या भावाने घेतले, तसा तो उशिरा आणि महाग घेतलेला असतो. शक्यता ५० ऐवजी ४० टक्के धरली तर तोच दिवस सरासरी ४,७०० रुपयांचा होतो, आणि आता थांबलेला माणूस दर वाईट दिवसाला दीड हजाराने पुढे आहे. दुसरे कारण मला याहून मोठे वाटते. चारपैकी तीन वेळा बक्षीस मिळणारी कृती सवय होते. कव्हर झालेले तीन दिवस डोक्यात ‘आपल्याला जमते’ म्हणून साठतात, आणि चौथा दिवस ‘त्या दिवशी बाजारच विचित्र होता’ म्हणून बाजूला ठेवला जातो. ही सवय पाचव्या सौद्यावर थांबत नाही. पाचवा हरला की आठ लॉटचा सहावा समोर असतो, आणि दोन लाखांच्या खात्यात त्यालाही मार्जिन पुरते. १९९५ साली सिंगापूरमध्ये निक लीसनने बेअरिंग्ज बँक बुडवली ती एका सौद्याने नव्हे. ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात लपवलेला तोटा भरून काढण्यासाठी सौदे वाढवत नेल्याने ८२ कोटी पौंडांच्या वर गेलेला खड्डा पडला. बँकेत मर्यादा होत्या. पण सौदे करणारा आणि त्यांचा हिशेब ठेवणारा एकच माणूस होता. घरी मोबाइलवर सौदे करणाऱ्या प्रत्येकाची रचना नेमकी तशीच असते.

मर्यादेच्या नियमावरचा सगळ्यात सशक्त आक्षेप असा: प्रत्येक सौदा स्वतंत्र असतो. पद्धत चांगली असेल तर चौथ्या सौद्याची नफ्याची शक्यता पहिल्याइतकीच, मग तीन चुकले म्हणून चौथा सोडणे म्हणजे नफा सोडणे. गणित म्हणून हे खरे आहे. संगणकाने आपोआप सौदे घेतले असते तर मीही मर्यादा एवढी आवळून ठेवली नसती. पण हा आक्षेप सौदे स्वतंत्र आहेत एवढेच सिद्ध करतो. सौदे घेणारा स्वतंत्र राहतो का, याला तो उत्तर देत नाही. ते तपासता येते, आणि त्यासाठी मानसशास्त्राचे पुस्तक लागत नाही, ब्रोकरच्या पोर्टलवरून उतरवलेले ट्रेडबुक पुरते. मागच्या सहा महिन्यांचे सगळे सौदे दिवसवार लावावेत. ज्या दिवशी तोटा ठरवलेल्या आकड्याच्या पुढे गेला, तिथे रेघ मारावी. रेघेच्या आधीच्या सौद्यांचे सरासरी नग किती, दोन सौद्यांमधले अंतर किती आणि सरासरी नफा-तोटा किती, हे काढावे. मग हेच रेघेनंतरच्या सौद्यांचे काढावे. दोन्ही बाजू सारख्या आल्या तर आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे बरोबर, त्याला मर्यादेची गरज नाही. नग वाढलेले आणि अंतर आकसलेले दिसले तर त्याचे सौदे स्वतंत्र नाहीत, मग त्याचे त्यावर कितीही ठाम मत असो. या परीक्षेत एक सावधगिरी हवी. रेघेनंतरचे सौदे थोडेच असतील तर एखादा मोठा नफा सरासरी उलटी करू शकतो, म्हणून नफ्या-तोट्यापेक्षा नग आणि अंतर यांवर जास्त विश्वास ठेवावा. ते नशिबावर हलत नाहीत.

दुसरा आक्षेप नेहमीचा: प्रत्येक सौद्याला स्टॉपलॉस आहे, मग दिवसाची मर्यादा कशाला? स्टॉपलॉस एका सौद्याला आवरतो, सौद्यांच्या संख्येला नाही. वरच्या उदाहरणात पाचही सौद्यांना स्टॉपलॉस होता आणि पाचही वेळा तो लागला. शिवाय ऑप्शन्समध्ये स्टॉपलॉस स्वतःच पूर्ण भरवशाचा नाही. एनएसईने २०२१ पासून इंडेक्स ऑप्शन्समध्ये मार्केट भावाची स्टॉपलॉस ऑर्डर बंद केली. आता ट्रिगर आणि त्याखाली एक मर्यादा भाव असे दोन आकडे द्यावे लागतात. १०५ चा ट्रिगर आणि १०३ चा मर्यादा भाव दिला, आणि भाव एका झटक्यात १०६ वरून ९८ वर आला, तर ऑर्डर जागी होते पण भरली जात नाही. १०३ वर पडून राहते, आणि सौदा उघडाच. मंगळवारी, निफ्टीच्या एक्सपायरीच्या दिवशी, दुपारनंतर हे सहज घडते. म्हणून दिवसाचा तोटा मोजताना फक्त बंद झालेले सौदे धरून चालत नाही. उघड्या सौद्याचा चालू तोटा आणि खर्च धरूनच आकडा बघायचा. अनेक जण बंद सौद्यांचा तोटा मर्यादेच्या आत आहे असे सांगत एक तोट्यातला सौदा तसाच उघडा ठेवतात, वर त्यालाच ॲव्हरेज करतात. मर्यादा कागदावर पाळली जाते आणि खात्यातून जाते ते जातेच.

तिसरा आक्षेप जास्त भावनिक आहे: थांबलो आणि बाजार तिथूनच फिरला तर? फिरतोही. आपल्याकडे याची दोन उदाहरणे दहा दिवसांच्या अंतराने आहेत. निर्देशांक १० टक्के पडला की सगळ्या बाजाराचा व्यवहार काही काळ थांबवायचा, हा नियम सेबीने २००१ मध्ये लागू केला. बाजारानेही स्वतःला घातलेली ही एक तोट्याची मर्यादाच. १३ मार्च २०२० ला उघडताच बाजार १० टक्के कोसळला, ४५ मिनिटे व्यवहार बंद राहिला, आणि पुन्हा उघडल्यावर तो असा उसळला की सेन्सेक्स आदल्या दिवसापेक्षा तेराशेहून अधिक अंकांनी वर बंद झाला. २३ मार्चला तोच नियम, तेवढीच पडझड, तेवढाच विराम. पुन्हा उघडल्यावर बाजार आणखी घसरत गेला आणि सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांनी खाली बंद झाला. थांबल्यावर काय होईल हे थांबण्याच्या क्षणी कोणालाच माहीत नव्हते. १३ मार्च लक्षात राहतो तो हुकलेल्या नफ्याची गोष्ट सांगता येते म्हणून. तोट्यातला माणूस नेहमी १३ मार्चचे उदाहरण देतो, २३ मार्चचे कधी देत नाही.

मर्यादा किती ठेवावी यावर बरेच छापून येते आणि बहुतेक ठिकाणी खात्यातल्या रकमेचे एक किंवा दोन टक्के असे सांगितलेले असते. आपल्याकडे हे मोजमाप हमखास चुकते, कारण शेतकऱ्याच्या खात्यातली रक्कम त्याच्या भांडवलाइतकी नसते. कापूस किंवा मका विकला, आल्याचे पैसे आले की दोन-तीन लाख एकदम जमा होतात आणि ट्रेडिंग खात्यात वळते केले जातात. जूनमध्ये बियाणे-खताला त्यातलेच काढायचे असतात. डिसेंबरात दोन टक्के म्हणजे सहा हजार आणि मे महिन्यात दोन टक्के म्हणजे हजार, असे झाले तर मर्यादा पिकाबरोबर वर-खाली होते. पैसा भरपूर असताना ती सैल पडते, आणि नेमका तोच पैसा पेरणीचा असतो. म्हणून टक्केवारी लावायची ती पूर्ण बुडाला तरी पेरणी, शाळेची फी आणि कर्जाचा हप्ता अडणार नाही एवढ्याच रकमेवर. दुसरी बाजू म्हणजे मर्यादा एका नेहमीच्या तोट्याच्या मानाने फार लहान नको. एका सौद्याचा तोटा हजाराचा आणि मर्यादा पंधराशेची असेल तर ती अगदी साध्या दिवशीही मोडते. आणि साध्या दिवशी मोडलेला नियम वाईट दिवशी टिकत नाही. तीन नेहमीच्या तोट्यांइतकी मर्यादा मला रास्त वाटते. नाणेफेकीच्या शक्यतेने पहिले तिन्ही सौदे चुकण्याचा दिवस आठात एकदा येतो. म्हणजे मर्यादा महिन्यातून दोन-तीनदा लागेल, रोज नाही.

राहिला प्रश्न ती पाळायची कशी. ‘मी ठरवले आहे’ हे उत्तर नाही, कारण मोडायची वेळ येते तेव्हा ठरवणारा माणूस तिथे नसतो, हाच तर वरचा सगळा युक्तिवाद आहे. झिरोधासारख्या ब्रोकरकडे किल स्विच आहे. एखादा सेगमेंट बंद केला की बारा तास तो पुन्हा सुरू करता येत नाही. काही ब्रोकर ठराविक तोट्यावर सौदे आपोआप कापण्याचीही सोय देतात. पहिल्या प्रकारात बटण आपल्यालाच दाबावे लागते, आणि उघडा सौदा आधी बंद करावा लागतो. म्हणजे सगळ्यात कठीण क्षणी दोन कामे. म्हणून मला दुसरा प्रकार जास्त उपयोगी वाटतो, आणि तो सकाळी बाजार उघडण्यापूर्वी लावून ठेवला तरच. साधा उपाय म्हणजे ट्रेडिंग खात्यात त्या दिवसापुरतेच पैसे ठेवणे आणि बाकीचे बँकेत ठेवणे. यूपीआयने पैसे टाकायला दोन मिनिटे लागतात हे खरे. पण ऑप्शन खरेदी करणाऱ्याला मार्जिनच नसेल तर आठ लॉटचा सहावा सौदा निदान सहज होत नाही.

याला पळवाट आहे आणि ती आपल्या घरांत चांगलीच ठाऊक आहे: बायकोच्या किंवा धाकट्या भावाच्या नावाचे डिमॅट खाते. एका खात्यावर किल स्विच, दुसऱ्यावर व्यवहार चालू. विवरणपत्र भरताना हे फार चटकन दिसते, कारण दोन नोटांवरच्या वेळा जुळतात. एका खात्याचा शेवटचा सौदा ११ वाजून ४० मिनिटांनी, दुसऱ्याचा पहिला ११ वाजून ५२ मिनिटांनी. त्यामुळे मर्यादा खात्याची नसते, माणसाची असते, आणि घरातल्या सगळ्या खात्यांची बेरीज करूनच ती मोजली पाहिजे. तोट्याचा एक फायदा म्हणून करसवलतीचे कारण पुढे केले जाते, तेही इथे तपासून बघावे. फ्यूचर्स-ऑप्शन्सचा तोटा हा व्यवसायाचा तोटा. पगाराशी त्याची वजावट होत नाही, इतर व्यवसायाच्या नफ्याशी होते, आणि विवरणपत्र मुदतीत भरले तर पुढची आठ वर्षे ओढता येतो. पण ज्याचे मुख्य उत्पन्न शेतीचे, त्याचे ते उत्पन्न करमुक्तच. वजा करायला समोर कर नाही. त्याच्या बाबतीत तो तोटा आठ वर्षे फॉर्मवर एक आकडा म्हणून फिरतो आणि नंतर बाद होतो.

एक गोष्ट मात्र मर्यादा करत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये. ज्या पद्धतीत मुळात नफा नाही तिला ती नफ्याची करत नाही. वरच्या उदाहरणातला माणूस दर वाईट दिवशी ३,११५ वर थांबला आणि चांगल्या दिवशी त्याहून कमी कमावत राहिला, तर वर्षअखेर तोही ९१ टक्क्यांतच असेल, फक्त हळूहळू. सौदा रात्रभर उघडा ठेवणाऱ्याला सकाळच्या गॅपपासूनही ती वाचवत नाही, कारण सव्वानऊला आकडा दिसतो तेव्हा मर्यादा आधीच ओलांडलेली असते. पण हळू होणाऱ्या तोट्याचा एक हिशेबी उपयोग आहे. वाढवलेल्या सौद्यांच्या नोटेतून पद्धत चुकली की माणूस चुकला हे वेगळे काढताच येत नाही, कारण दोन सौद्यांचा गोंधळ बाकीच्या चाळीस सौद्यांना झाकून टाकतो. सगळे नग ६५ चे असतील आणि प्रत्येक वाईट दिवस तीन सौद्यांवर संपलेला असेल, तर दोन-तीन महिन्यांच्या नोटा समोर ठेवून पद्धतीचा खरा नफा-तोटा खर्चासकट काढता येतो. तो उणे आला तर पुढच्या हंगामाचे पैसे बँकेतून ट्रेडिंग खात्यात वळवायचे की नाही, हा प्रश्न निदान त्या आकड्यावर सोडवता येईल.